बीपी मशीनचा बग

परवा बाबांचा सांगलीहून फोन आला. "अरे, तुझं ते मशीन १५८ दाखवतंय. काल १६१ होतं. डॉक्टर म्हणतात गोळी वाढवू या का."

मशीन मीच ऑनलाइन मागवून दिलेलं, जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी. बाबांचं बीपी पाच वर्षं एकाच गोळीवर १३०च्या आसपास राहिलेलं. मशीन आलं आणि बीपी चढलं! गोळी वाढवणं म्हणजे काही गंमत नाही. मुळात बीपी ठीक असेल तर ते खाली जाणार, आणि एखाद्या पहाटे बाथरूमला उठताना चक्कर येऊन माणूस पडणार. शनिवारी सकाळची गाडी पकडून थेट घर गाठलं.

आता आमच्या धंद्यात एक सवय असते: बग कळवण्याआधी चूक आपलीच नाही ना हे बघायचं. बाबा चहा पिऊन, सोफ्यावर रेलून, हात मांडीवर ठेवून, वर आईशी बोलत बीपी मोजत होते! हात हृदयाच्या पातळीखाली असला किंवा माणूस बोलत असला की आकडा वाढतो. म्हणून त्यांना खुर्चीत पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसवलं (हे सगळ्यात अवघड काम), हात टेबलावर ठेवला. सेल नवे घातले. दंडाला बांधायचा पट्टा लहान असला तरी आकडा जास्त येतो, म्हणून शिवणकामाची टेप घेऊन दंड मोजला. २९ सेंटीमीटर. पट्ट्यावर लिहिलेलं २२ ते ३२. म्हणजे तेही बरोबर. तरी १५२.

मग मशीन पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे अजून पाऱ्याचं यंत्र आहे. एकाच दंडावर, मध्ये एकेक मिनिट थांबून, आलटून पालटून मोजलं. डॉक्टर १३२/८२, मशीन १५४/९५, डॉक्टर १३०/८४, मशीन १५१/९३, डॉक्टर पुन्हा १३०/८२. असं आलटून पालटूनच करायचं, कारण बीपी दर मिनिटाला थोडं हलतंच. एकदा इथे आणि एकदा तिथे मोजून पाच-सहाचा फरक आला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण दर वेळी एकाच दिशेला वीस?

अजून एक शंका होती. ही मशीन्स पट्ट्यातल्या हवेच्या दाबाची थरथर मोजून आकड्याचा अंदाज बांधतात; ठोके अनियमित असले तर फसू शकतात. म्हणून मीही हात पुढे केला. डॉक्टर ११८/७६, मशीन १३९/८८. संपला विषय. दोष बाबांच्यात नाही, मशीनमध्ये आहे. डॉक्टरांनी गोळी होती तीच ठेवली आणि माझ्या विनंतीवरून आकडे चिठ्ठीवर लिहून सही केली.

विक्रेत्याला पहिला मेल मी रागात लिहिला होता. "लोकांच्या जिवाशी खेळता" वगैरे. उत्तर आलं: सेल काढून पुन्हा घाला, आणि परत करायची सात दिवसांची मुदत संपली आहे. चूक माझीच. त्या मेलमध्ये राग सोडून काहीच नव्हतं. दुसरा असा लिहिला:

"अमुक तारखेला, अमुक ऑर्डर क्रमांकाने घेतलेलं, अमुक सिरियल नंबरचं मशीन पाऱ्याच्या यंत्रापेक्षा दर वेळी सुमारे २० जास्त दाखवतं. दोन व्यक्तींवर तपासलं. पट्ट्याचं माप योग्य आहे, सेल नवे आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी, बिल आणि स्क्रीनचे फोटो जोडले आहेत. हे मन बदलल्यामुळे परत करणं नव्हे, वस्तू सदोष आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष वस्तू परत घेणं विक्रेत्याला नाकारता येत नाही. सात दिवसांत मशीन बदलून द्यावं. ते शक्य नसेल तर पूर्ण पैसे परत करावेत."

हाच मेल वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवला. त्याच नियमांत आहे की त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. पोच दुसऱ्याच दिवशी आली! नाहीतर १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचं ठरवलं होतं. वेळ आली नाही. पाचव्या दिवशी कुरियरवाला जुनं घेऊन गेला, पुढच्या आठवड्यात नवं आलं. जुनं देण्याआधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. "पट्टा फाटलेला होता" असं नंतर कुणी म्हणायला नको.

नवं मशीनही बाबा थेट डॉक्टरांकडेच घेऊन गेले. फरक तीन-चारचा. रात्री फोनवर म्हणाले, "१३४ आहे. आणि हो, मोजताना बोललो नाही. आई बोलत होती, पण ती चालते ना?"