सोळा खाने आणि मी

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा चुका पोटात घाला. यंदा गॅदरिंगला आम्ही फंक वाजवणार होतो आणि बेस गिटार माझ्याकडे होती. पहिल्याच प्रॅक्टिसला ड्रमरने स्टिक्स खाली ठेवल्या. म्हणाला, "तू माझ्या किकवर बसत नाहीस. आठवड्यात जमलं नाही, तर दुसरा बेसवाला बघू."

रात्री त्याने वहीत एका बारचे सोळा खाने आखले. किक १, ४ आणि ११ वर, स्नेअर ५ आणि १३ वर. त्यात माझे स्वर भरले तर चौदा खाने भरले! किक ऐकू येणार कशी?

"आता फक्त किकच्या खान्यात वाजव. एकच स्वर, ई," तो म्हणाला. वाजवलं, तरी चिखलच. कारण दुसऱ्या दिवशी समजलं. मी स्वर सुरू बरोबर करत होतो, पण थांबवत नव्हतो. चौथ्या खान्यातला ई पाचव्यातल्या स्नेअरवर सांडत होता. मोकळी तार थांबवायला डाव्या हाताची बोटं तिच्यावर हलकेच टेकवावी लागतात. मग १ चा स्वर दोन खाने, ४ चा एकच आणि ११ चा दोन, असं ठरलं. दोन्ही स्नेअर मोकळे झाले आणि एकदम जोरात वाटायला लागले. ड्रमरने जोर मुळीच वाढवला नव्हता!

मग हाव सुटली. १५ व्या खान्यात बी आणि १६ व्यात डी घालून पुन्हा ई वर यायचं ठरवलं. छान वाटलं, पण रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या ठोक्याला 'ठप' ऐवजी 'ठ-ठप' ऐकू आलं. कॉम्प्युटरवर पाहिलं तर माझा ई किकच्या ४० मिलिसेकंद आधी येत होता. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत एक खाना १५० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे पाव खान्याहून जास्त घाई. बी-डी च्या नादात मी समेवर धावत येत होतो. १९७० मध्ये बूट्सी कॉलिन्स जेम्स ब्राऊनच्या बँडमध्ये आला, तेव्हा ब्राऊनने त्याला हेच शिकवलं होतं: आधी पहिला ठोका पक्का कर, मग मधे काय हवं ते वाजव. मी उलटं करत होतो. दोन दिवस बी-डी बंद ठेवले, ई जागेवर बसला, मगच ते परत आणले.

शनिवारी ड्रमर म्हणाला, "मी थांबतो, तू एकटा वाजव." चार बार वाजवले. तो मांडीवर किकचा ठेका धरून बसला होता, एकही चुकला नाही. मग म्हणाला, "आता किक तुझ्यातच ऐकू येते."

दुसरा बेसवाला शोधावा लागला नाही. चौदा स्वरांतले पाचच उरले, बाकीचे वहीत खोडलेले आहेत.