हिसाब जौ जौ

आमच्या घरात एक म्हण नेहमी ऐकू यायची: हिसाब जौ जौ का, बख़्शिश सौ सौ की. हिशोब करायचा तर जवाच्या दाण्याइतका बारीक करायचा, आणि द्यायचं तर शंभर-शंभरने द्यायचं. दोन्ही करायचं, पण एकात दुसरं मिसळायचं नाही. फोनवरून दोस्तांच्या खर्चाची वाटणी करायला लागल्यापासून मला ही म्हण वारंवार आठवते, कारण मित्रामित्रांत कटुता येते ती बहुतेक या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की.

कॉलेजात आमच्याकडे ‘टीटीएमएम’ होतं. तुझं तू, माझं मी. चहाचे पैसे खिशातून निघायचे आणि तिथंच विषय संपायचा. आता एकजण क्यूआर कोड स्कॅन करून सगळं बिल भरतो आणि बाकीचे ‘पाठवतो रे’ म्हणतात. ते पाठवणं राहून जातं. दहापैकी नऊ वेळा त्यात लबाडी नसते. किती पाठवायचे हेच कुणाला माहीत नसतं, आणि ज्याने भरले त्याला मागायला संकोच वाटतो.

या मागण्याचं तंत्रही अलीकडे बदललं आहे, ते आधी सांगतो. यूपीआयमध्ये पूर्वी मित्राला थेट ‘रिक्वेस्ट’ पाठवता यायची. त्याच्या फोनवर सूचना यायची, त्याने पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यात. एका वेळी दोन हजारांची मर्यादा होती. ठगांनी याच सोयीचा फायदा घेतला. ‘तुम्हाला पैसे येणार आहेत, पिन टाका’ असं सांगून लोकांकडून पैसे काढून घेतले. शेवटी एनपीसीआयने जुलै २०२५ मध्ये परिपत्रक काढलं आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला अशी रिक्वेस्ट पाठवणं बंद केलं. म्हणजे आता पैसे ओढून घेता येत नाहीत. देणाऱ्याने स्वतः पाठवायचे. आपण फक्त किती आणि कुठे एवढं सांगू शकतो. मला हा बदल आवडला. मागणं पुन्हा माणसाच्या शब्दांवर आलं. (पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं घरातल्या मोठ्यांना जरूर सांगून ठेवा.)

सांगायची सोपी रीत म्हणजे रक्कम आधीच भरलेला क्यूआर कोड. ॲपमध्ये आपला क्यूआर दाखवणाऱ्या पानावर बहुधा रक्कम टाकायची सोय असते. रक्कम टाकायची, चित्र तयार झालं की मित्राला पाठवायचं. त्याने ते आपल्या ॲपमध्ये गॅलरीतून उघडलं की आकडा तयारच दिसतो. त्या चित्राच्या आत असतं ते एवढंच:

```
upi://pay?pa=mitra@bank&pn=Mitra&am=1090.00&cu=INR&tn=Dhule%20kharch
```

`pa` म्हणजे पैसे कुठे जायचे तो पत्ता, `pn` नाव, `am` रक्कम, `tn` टीप. हीच ओळ मेसेजमध्ये टाकली तर ती पुष्कळदा नुसता मजकूर म्हणून पडून राहते, बोट लावून उघडत नाही. म्हणून चित्र बरं. टीपेत थट्टामस्करी लिहू नये. ती व्यवहाराच्या नोंदीत राहते, आणि पुढे कोण कोणत्या नजरेने वाचेल ते सांगता येत नाही.

आता हिशोब. मध्यंतरी आम्ही पाचजण जळगावहून धुळ्याला गेलो होतो, एका जुन्या मित्राच्या मुलीच्या निकाहला. एक झेडपीच्या शाळेतले मास्तर, आमच्यात सगळ्यांत मोठे आणि माळकरी. एक केळीचा बागायतदार, त्याच्याही घरी मांसाहार नाही. एक मेडिकलवाला, एक मी. पाचवा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात रोजंदारीवर आहे. मशीन बंद, तर त्याचा रोज बंद.

गाडी दिवसभरासाठी चार हजारांत ठरली, टोलसकट. ते केळीवाल्याने भरले. आहेराच्या पाकिटात मी अडीच हजार घातले. परतताना पारोळ्याच्या अलीकडे ढाब्यावर जेवलो, तिथलं २,१५० रुपयांचं बिल मेडिकलवाल्याने दिलं.

ॲपमध्ये गट करून रक्कम टाकली की सहसा आधी समान वाटणीच पुढे येते. ढाब्याचं बिल समान वाटलं तर प्रत्येकी ४३०. पण त्या बिलात १,२०० रुपयांची मटण हंडी होती आणि ती आम्ही तिघांनीच खाल्ली. शेवभाजी, भाकरी, भात, ताक मिळून उरलेले ९५० पाचांचे, म्हणजे प्रत्येकी १९०. मटण खाणाऱ्याचे आणखी ४००, एकूण ५९०. समान वाटणीत मास्तरांनी न खाल्लेल्या मटणाचे २४० रुपये भरले असते, आणि ते कधी एका शब्दाने बोलले नसते. हीच अडचण आहे. आमच्यासारख्या मिसळलेल्या दोस्तमंडळींत एकाचा रोजा असतो, एकाचा श्रावण, एकाची एकादशी. न खाणारा गप्प राहतो, पण कितींदा गप्प राहणार? पुढच्या वेळी ‘जमणार नाही’ म्हणतो, आणि आपण समजतो की तो बदलला. म्हणून ढाब्यावरच बिलाचा फोटो काढून ठेवावा आणि गटात रकमा हाताने बदलाव्यात. दोन मिनिटांचं काम आहे.

पाकीट पाचांत सारखं, प्रत्येकी ५००. त्यावर पाचही नावं होती, आणि पाचव्याने आधीच बजावलं होतं की माझं नाव लिहायचं असेल तर माझे पैसे घ्या.

गाडीचं मात्र आम्ही वेगळं केलं होतं. गाडी चौघांसाठी निघणारच होती. तो आला काय, न आला काय, भाडं तेच चार हजार. मेडिकलवाल्याने त्याला आदल्या दिवशी फोन केला, ‘भाई, गाडी निघालीच आहे, एक जागा रिकामी आहे, चल.’ यात दयेचा भाग नव्हता, ती खरीच गोष्ट होती. गाडीचे पैसे गटात टाकताना चारच नावं निवडली, प्रत्येकी १,०००. हे जायच्या आधी ठरलं. नंतर ठरलं असतं, म्हणजे पाचांत वाटून मग ‘तुझे राहू दे’ म्हटलं असतं, तर तो ते पैसे देऊन मोकळा झाला असता आणि पुढच्या वेळी आला नसता.

तर मास्तरांकडे निघाले १,६९०. केळीवाल्याचेही तेवढेच, पण त्याने चार हजार भरलेले, म्हणजे त्याला २,३१० यायचे. माझा वाटा २,०९० आणि भरले २,५००, मला ४१० यायचे. मेडिकलवाल्याला ६०. पाचव्याकडे १,०९०. ज्याला ज्याचे त्याचे द्यायला लावलं तर पाचव्याला तिघांना पैसे पाठवावे लागतात. त्याऐवजी त्याने सगळे माझ्याकडे पाठवायचे, मी त्यातून ६२० केळीवाल्याला आणि ६० मेडिकलवाल्याला द्यायचे. मास्तरांनी आपले थेट केळीवाल्याला. चार व्यवहारांत सगळं फिटतं, आणि कुणालाही दोघांकडून मागणी जात नाही.

उरला प्रश्न मागायचा. मास्तर वयाने मोठे, त्यांना नुसता क्यूआर कसा पाठवणार? मी आधी माझ्या वाट्याचे ६२० आणि ६० देऊन टाकले, पाचव्याचे यायची वाट पाहिली नाही. मग गटात पूर्ण हिशोब टाकला, माझं नाव सर्वांत वर. मास्तरांना वेगळं लिहिलं: ‘सर, कालचा हिशोब असा आहे. गाडी १,०००, पाकीट ५००, जेवण १९०, एकूण १,६९०. भाऊंना द्यायचे आहेत, त्यांचा क्यूआर सोबत आहे. माझी बेरीज एकदा बघून घ्या. सवडीने करा.’ यात विनवणी नाही, ‘प्लीज’ नाही, हात जोडलेली चित्रं नाहीत. आकडा कसा आला ते आहे, आणि चूक दाखवायला जागा आहे. मोठ्या माणसाला ‘बेरीज बघून घ्या’ म्हणणं हा मला सर्वांत सभ्य तगादा वाटतो. मास्तरांनी बेरीज खरोखर तपासली, मग पैसे पाठवले.

मागायचं ते दुसऱ्या दिवशीच. तीन आठवड्यांनी मागितलं तर मागणारा मनात कुढत बसला होता असं वाटतं, आणि देणाऱ्याला ती हंडी आठवतही नसते.

ॲपच्या गटाची एक गोष्ट मला खटकते. कुणी दिले आणि कुणाचे राहिले, हे सगळ्यांना एकाच पानावर दिसतं. आमच्यासारख्यांना त्याचं काही वाटत नाही. ज्याचा रोज बुडाला आहे त्याला वाटतं. म्हणून पाचव्याचा हिशोब मी गटात टाकलाच नाही. त्याला फोन केला, आकडा सांगितला, तो म्हणाला शनिवारी पगार होईल. मी आठवणीची घंटा लावली नाही. सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब, उधारी लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका असं ती सांगते. तिच्या दोनच आयती आधी, २८० मध्ये, देणारा अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या, आणि सोडून दिलंत तर ते अधिक चांगलं, असं आहे. लहानपणी मला या दोन वेगळ्या गोष्टी वाटायच्या.

शनिवारी त्याचे ५०० आले. बाकीचे ५९० त्याने पुढच्या जुम्याला नमाजनंतर रोख हातात ठेवले, नव्वद सुट्ट्या दहांच्या नोटांत. मी मोजून घेतले, त्याच्यासमोरच. न मोजता खिशात टाकले असते तर त्याला ते आवडलं नसतं. घरी येऊन माझ्या वहीत त्याच्या नावापुढे रोख मिळाल्याची नोंद केली आणि त्याला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं: ‘हां भाई. आता भरताच्या पार्टीचं बघा, वांगी मी आणतो.’