तीन मिनिटांचा अंधार

घरात इन्व्हर्टर होता, लॅपटॉपची बॅटरी चांगली होती, फायबरचं कनेक्शन होतं. तरीही चिपळूणजवळच्या आमच्या घरातून घेतलेले दोन ऑनलाइन क्लास मध्येच तुटले. तिसरा तुटला तर संध्याकाळच्या बॅचेस दुसऱ्या कुणाला देऊ, असं मला कळवण्यात आलं. त्या बॅचेसवर घरचा अर्धा खर्च चालायचा.

दोष कुठे आहे हे मला राउटरकडे बघत बसल्यावर कळलं. लाइट गेली की इन्व्हर्टर सुरू व्हायला निमिषभर लागतो. पंख्याला ते जाणवतही नाही, पण राउटर तेवढ्यात बंद पडतो. त्याचे सगळे दिवे विझतात, मग एकेक करून लागतात. पुन्हा नेट यायला तीन मिनिटं जातात, आणि दहा वर्षांची मुलं तीन मिनिटं थांबत नाहीत!

इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असतं. ते दाबल्यावर राउटर टिकला. पण या मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतंच, त्यामुळे तो सारखा बॅटरीवर जायचा आणि रात्री खरी गरज लागेपर्यंत बॅटरी संपलेली असायची. आईने दोन रात्री पंख्याविना काढल्या, तिसऱ्या दिवशी मी बटण पूर्ववत केलं.

मग राउटरपुरता छोटा डीसी यूपीएस घेतला, साधारण बाराशे रुपयांचा. तो अ‍ॅडॅप्टर आणि राउटर यांच्या मध्ये बसतो. घेण्याआधी अ‍ॅडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचायचं. माझ्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलं होतं. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिले तर ते जळू शकतात. माझ्या यूपीएसमध्ये २००० एमएएचचे तीन सेल आहेत, म्हणजे सुमारे २२ वॉट-तास. थोडी ऊर्जा वाया जाते. राउटर सात वॉट खातो, तेव्हा अडीच तास निघतात. बॉक्सवर मात्र चार लिहिलं होतं.

एवढं करूनही जूनमध्ये एकदा नेट गेलं. राउटरवर ‘LOS’चा लाल दिवा लागला होता. तो लाल असला की प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही: बाहेर केबल तुटलेली असते किंवा पलीकडच्या यंत्राची वीज गेलेली असते. घरातला कुठलाच यूपीएस तिथे कामाचा नाही. राउटर बंद-चालू करण्यात वेळ न घालवता मी फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडला. त्यातलं दुसरं सिम मुद्दाम वेगळ्या कंपनीचं आहे, कारण फायबर आणि मोबाइल एकाच कंपनीचे असले तर कधीकधी दोन्ही एकदम जातात.

त्या सिमवर रोज दीड जीबी मिळतो आणि व्हिडिओ सुरू ठेवला तर तासाला जवळपास एक जीबी उडतो. म्हणून अशा दिवशी फक्त आवाज आणि फळा.

“टीचर, आज तुम्ही दिसत का नाही?” मुलं विचारतात.

“पाऊस आहे,” मी सांगते, आणि पुढचं गणित घेते.