सूचना फळ्यावर लावण्यापूर्वी

आरोग्यसेवेतून निवृत्त झाल्यावरही एक काम माझ्याकडे राहिले आहे. आसपासच्या गावांत तपासणी शिबिर असले की त्याची सूचना मी लिहून देतो. ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, मोबाइलवरून घरोघरी जाते आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना नातवंडे वाचून दाखवतात. धानोरा तालुक्यातील एका गावासाठी मी लिहिलेला एक मसुदा आजही माझ्याजवळ आहे. तो असा होता : “शनिवारी सकाळी 10 वाजता शाळेत कुष्ठरोगी शोध मोहीम. अंगावर डाग किंवा बधिरपणा असलेल्या संशयितांनी हजर राहावे. आजार लपवू नये.”

व्याकरणात चूक नव्हती. तरीही फळ्यावर लावण्यापूर्वी तो मी गावातील तीन वृद्धांना वाचून दाखवला आणि विचारले, “यातून तुम्हाला काय करायचे समजले?”

पहिल्या आजी गोंडी बोलणाऱ्या. मराठी त्यांची दुसरी भाषा. त्यांनी विचारले, “पोलीस किती वाजता येणार?” मी चपापलो. शोधमोहीम, संशयित, हजर राहावे हे आमच्या कार्यालयातले नेहमीचे शब्द. पण गडचिरोलीच्या जंगलपट्टीत ‘शोधमोहीम’ म्हणजे बंदूकधारी जवानांची नक्षलविरोधी मोहीम, आणि ‘संशयित’ म्हणजे ज्याला चौकशीसाठी नेतात तो. त्या शनिवारी कितीतरी माणसे शाळेकडे फिरकलीच नसती.

दुसऱ्या आजोबांना कमी ऐकू येत असे. ते आनंदाने म्हणाले, “बरे झाले, माझे कान तपासून घेतो.” मला अभिप्रेत होता तो त्वचेचा बधिरपणा, त्यांच्या ओळखीचा शब्द होता कर्णबधिर.

तिसऱ्या काकूंनी कुष्ठरोगाचे उपचार पूर्वीच पूर्ण केले होते. बोटे मात्र वाकलेली राहिली. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “डाग तर चारित्र्याला लागतो, भाऊ. आणि मी काही लपवले नव्हते. मला कळलेच नव्हते.” त्यांचे खरे होते. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक वर्षे जातात आणि चट्टा दुखत वा खाजत नसल्याने ध्यानी येत नाही. ‘लपवू नये’ म्हणताना मी न केलेल्या अपराधाचा आरोप करत होतो.

‘कुष्ठरोगी’ हा शब्दही मी काढला. तो माणसाला आजाराचेच नाव देतो, आणि काकू तर बऱ्या झालेल्या. शब्दांचेही वय होते. वरोऱ्याजवळच्या आनंदवनाची संस्था बाबा आमटे यांनी 1949 साली ‘महारोगी सेवा समिती’ या नावाने स्थापन केली. त्या काळी तो रूढ शब्द होता आणि संस्थेच्या नावात तो इतिहास म्हणून शोभतो. परंतु आज कोणाला उद्देशून तो वापरला तर मन दुखावते. कायद्याची भाषाही बदलली आहे : घटस्फोटाचे कारण म्हणून असलेला कुष्ठरोगाचा उल्लेख 2019 साली वगळण्यात आला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. आजाराचे नावच गाळून ‘त्वचा तपासणी’ एवढेच लिहिले. तोही मसुदा वाचून दाखवला, तेव्हा नायट्याने खाजणारे यायला तयार झाले. ज्यांचा चट्टा खाजत नाही त्यांना ही सूचना आपल्यासाठी आहे असे वाटलेच नाही. सौम्य करण्याच्या नादात अर्थ नाहीसा होता कामा नये. शिवाय कशाची तपासणी होणार हे कळल्यावाचून माणसाने कशाला यावे? म्हणून आजाराचे नाव ठेवले आणि लक्षण साध्या शब्दांत सांगितले.

अखेरची सूचना अशी झाली : “शनिवारी सकाळी 10 वाजता शाळेत डॉक्टर कुष्ठरोगाची मोफत तपासणी करतील. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर अवश्य या. तपासणी आडोशाला होईल. हा आजार 6 किंवा 12 महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या मोफत मिळतात.”

ही मी त्या तिघांना पुन्हा वाचून दाखवली. आजींनी विचारले, “चहा मिळेल का?” आजोबा म्हणाले, “म्हणजे हे कानांचे नाही.” काकूंनी कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, “मी येते. बसलेल्यांना सांगेन, गोळ्यांनी बरे होते म्हणून.”

आपल्यापैकी अनेकजण घरच्या रुग्णाविषयी नातेवाइकांना निरोप लिहितात. तो पाठवण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचा, शक्यतो ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्याच समोर. ‘समजले का?’ असे विचारू नका. सगळे होच म्हणतात. काय समजले ते त्यांच्या शब्दांत सांगायला सांगा. त्यांनी वेळ-जागेखेरीज भलताच प्रश्न विचारला किंवा ते गप्प झाले, तर दुरुस्ती करायचा शब्द तिथेच कुठेतरी असतो.