कामाचा रतीब

बेलपाड्यात माझ्या उर्दू-मराठीच्या शिकवण्या चालतात. जोडीला भाषांतराची कामं येतात. तळोज्याचा एक दवाखाना पत्रकं, सूचना, औषधांच्या चिठ्ठ्यांवरचा मजकूर दोन्ही भाषांत करून घेतो. प्रत्येक कामाला नवा भाव, नवी घासाघीस. म्हणून मी त्यांना दुधासारखा रतीब सुचवायचं ठरवलं.

आधी वही काढली. सहा महिन्यांत 14 ते 25 तास, एकूण 120 तास काम. मिळाले 36,000 रुपये, म्हणजे तासाला 300. पण भाव ठरवणं आणि पैशांची आठवण करणं यात आणखी 24 तास गेले होते. ते धरले तर तास पडला 250 रुपयांना.

सरासरी महिन्याला 20 तास, तरी मी करार 16 तासांचा मांडला. सरासरी धरली की कमी कामाच्या महिन्यात समोरच्याला फुकट पैसे गेल्यासारखं वाटतं आणि करार तुटतो. 16 तासांचे 4,800 रुपये, 5 तारखेच्या आत. वरचा तास 350 रुपये. उरलेले तास फक्त पुढच्या महिन्यापर्यंत चालतील, तेही जास्तीत जास्त चार. मजकूर दोन दिवसांत परत.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाजी, काम नसेल त्या महिन्यात पैसे कशाचे?"

म्हटलं, "तुमच्यासाठी तास राखून ठेवते, त्या वेळेत दुसरं काम घेत नाही, त्याचे." मग जुन्या सहा महिन्यांचा हिशेब नव्या दराने मांडून दाखवला. 37,200 रुपये झाले. महिन्याला 200 रुपये जास्त, पण घासाघीस बंद आणि वेळेची हमी. ते राजी झाले.

खरी काळजी कामाच्या हद्दीची. करारात भाषांतर आणि एक प्रूफ असं लिहिलं. छपाईची मांडणी त्यात नाही. कारण उर्दूचा मजकूर साध्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की अक्षरं कधी तुटतात, कधी उलटी लागतात, आणि "बाजी, जरा बघा ना" म्हणत ते पुन्हा माझ्याकडे येतं. अशी दुसरी तपासणी तासांत मोजायची, हे आधीच ठरलं. कोर्टाची कागदपत्रंही वेगळ्या दराने.

पहिला करार तीनच महिन्यांचा ठेवावा, सोडायचा तर एक महिना आधी सांगावं. दर महिन्याला तासांची यादी पाठवावी. सलग दोन महिने तास 20 च्या वर गेले तर रक्कम वाढवायची वेळ आली. 12 च्या खाली राहिले तर आपणच कमी करावी, नाहीतर समोरचा मनात कुढतो आणि एक दिवस न सांगता बंद करतो.

सगळ्यांना रतीब लावू नये. एका मदरशाचं काम फक्त रमजानच्या आधी आणि प्रवेशाच्या दिवसांत येतं. त्यांच्याकडून बारा महिने पैसे घेणं इन्साफाचं नाही. त्यांचं काम मी अजूनही नगावरच करते.