फोटोतला बी-वन

९ नोव्हेंबर

शेजारच्या भाऊंनी रात्री फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "काका, सगळं ठीक आहे ना?" भाऊ उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये फिटर आहेत, मूळचे भंडाऱ्याकडचे. जवळच्या गावात १,२०० चौरस फुटांचा प्लॉट बघितलाय आणि उद्या बयाणा द्यायचा आहे. तहसिलीतल्या कागदांवर माझं आयुष्य गेलं हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून विचारलं.

फोटो बी-वनचा. भाऊ त्याला सातबारा म्हणतात. इथे छत्तीसगढमध्ये मात्र सातबाऱ्याच्या जागी पी-टू, म्हणजे खसरा. एका खसरा नंबरची माहिती त्यात असते. बी-वन आपल्या आठ-अ सारखा: एका खातेदाराचे गावातले सगळे खसरे, त्यांचा रकबा आणि लगान. म्हणजे भाऊंना खात्याचा उतारा दाखवला होता. ते घेणार होते त्या जमिनीचा कागद वेगळाच.

फोटोत आणखी एक गोष्ट खटकली. कागद दुमडून काढला होता. भूमिस्वामीच्या रकान्यात पहिलं नाव, त्यापुढे स्वल्पविराम, आणि तिथेच घडी. खालची तारीखही कापली गेलेली. बयाणा थांबवा, एवढंच कळवलं.

१० नोव्हेंबर

सकाळी भाऊ आणि वहिनी दोघंही आले. 'भुइयाँ'च्या साइटवर जिल्हा, तहसील, गाव निवडून खसरा नंबर घातला. घडीखालचं सगळं समोर आलं: नावं तीन. विकणारा, त्याचा भाऊ आणि बहीण. वडिलांच्या मागे वारसांची नावं चढली, बटवारा झालेला नाही.

वहिनींनी विचारलं, "मग तो विकूच शकत नाही का?" स्वतःचा हिस्सा विकू शकतो. पण हिस्सा म्हणजे अख्ख्या जमिनीतला वाटा. अमुक कोपरा त्याचा, असं बटवारा होईपर्यंत कोणालाच म्हणता येत नाही. एकट्याची सही घेऊन रजिस्ट्री केली, तर भाऊंच्या पदरात तोच न विभागलेला वाटा पडेल. कुंपण घालायला गेले की बहीण तिथे उभी राहू शकते.

पी-टूच्या कैफियतीत बँकेकडे जमीन बंधक असल्याची नोंद होती. विकणारा म्हणतो, कर्ज फिटलं. फिटलं असेल तर बँकेचं पत्र देऊन नोंद काढून घेता येते. ती निघेपर्यंत बोजा आहे असंच धरायचं.

१२ नोव्हेंबर

आज हिशेब मांडला. विकणाऱ्याने दिलेल्या, हाताने काढलेल्या नकाशात नऊ प्लॉट आहेत आणि मधून वीस फुटी रस्ता. खसऱ्याचा रकबा ०.१०१ हेक्टर, म्हणजे १,०१० चौरस मीटर. चौरस फुटांत सुमारे १०,८७०. नऊ प्लॉटना १,२०० प्रमाणे १०,८०० लागतात. उरले सत्तर. सत्तर चौरस फुटांत वीस फुटी रस्ता साडेतीन फूट लांबीचा होईल!

भाऊ बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे रस्ता दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, नाहीतर प्लॉट कमी आहे." अगदी बरोबर. खसऱ्याचा नकाशा सोबत ठेवून जागेवर मोजणी केल्याशिवाय यातलं कोणतं खरं, ते कळणार नाही.

शिवाय शेतजमिनीचे असे तुकडे पाडून विकायचे तर आधी डायव्हर्शन लागतं, नगर तथा ग्राम निवेशची ले-आउट मंजुरी लागते. रायपूरच्या आसपास प्रशासन ज्या अवैध प्लॉटिंगवर बुलडोझर चालवतं, ते बहुतेक असंच सुरू झालेलं असतं.

१४ नोव्हेंबर

वहिनींनी आज नेमका प्रश्न विचारला: सरकारच्या साइटवर नाव आहे, तरी मालकी पक्की का नाही? छत्तीसगढच्या भू-राजस्व संहितेचं कलम ११७ सांगितलं. नोंद उलट सिद्ध होईपर्यंत बरोबर मानली जाते. जमिनीवर कोणाचं नाव आहे, लगान कोणाकडून घ्यायचा, यासाठी ही नोंद ठेवतात. मालकी येते ती रजिस्ट्री, वारसा, बटवारा यांतून. म्हणून उप-पंजीयकाच्या कार्यालयात जुन्या खरेदी-विक्रीचा शोध वेगळा घ्यावा लागतो आणि दिवाणी दावा चालू नाही ना, तेही बघावं लागतं.

१५ नोव्हेंबर

भाऊंना उत्तर लिहूनच दिलं, म्हणजे विकणाऱ्यापुढे ठेवता येईल. तुम्ही दाखवलेला बी-वन खरा आहे, पण आम्ही घेणार तो प्लॉट त्यात कुठेच नाही. आधी तिघांचा बटवारा आणि त्याप्रमाणे खसऱ्याचं बटांकन. मग बंधकाची नोंद काढलेला ताजा पी-टू. मग मंजूर ले-आउट, त्यात रस्ता दाखवलेला. हे झालं की मोजणी, आणि बयाणा त्यानंतर.

विकणारा म्हणाला, एवढं कोणी विचारत नाही. भाऊंनी पैसे बँकेतच ठेवले आहेत.