सेवाशुल्क भरणारी पाहुणी

उर्दूत मेहमान, मराठीत पाहुणा. दोन्ही भाषा वर्गात शिकवतो, त्यामुळे या शब्दांभोवतीची अदब मला नेहमीच आवडत आली आहे. पाहुण्याला आधी पाणी, बसायला चांगली जागा, जेवणात पहिलं ताट. पण पाहुण्याचा घरावर हक्क नसतो, हेही त्याच शब्दात दडलेलं आहे. यजमान म्हणाला, "आता निघा", की निघायचं. घरच्या पाहुण्याबाबत हे आपण गृहीतच धरतो. दरमहा नऊ हजार रुपये मोजणाऱ्या पाहुणीबाबतही तेच धरलं जातं, हे मात्र एका करारनाम्याने माझ्यापुढे आणलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात नोकरीला लागली. आधी तिने मैत्रिणीबरोबर छोटा फ्लॅट शोधला. काही ठिकाणी एकट्या मुली म्हणून नकार आला, काही ठिकाणी आडनाव ऐकून. शेवटी ऑफिसजवळच्या एका लेडीज पीजीमध्ये दोघींच्या खोलीत एक कॉट मिळाली. महिना नऊ हजार, त्यात दोन वेळचं जेवण, डिपॉझिट अठरा हजार. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करारनामा झाला, नोटरीचा शिक्का बसला. चौथ्या महिन्यात, सप्टेंबरच्या १० तारखेला, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला : मूळ मालकाला फ्लॅट परत हवा आहे, १४ तारखेला संध्याकाळपर्यंत सर्वांनी खोल्या रिकाम्या कराव्यात. १२ तारखेपासून जेवण बंद झालं. तिने त्या करारनाम्याचे फोटो मला पाठवले आणि लिहिलं, "सर, यात भाडं हा शब्द कुठेच नाही."

खरंच नव्हता. भाड्याच्या जागी 'सेवाशुल्क' होतं, घरमालकाच्या जागी 'संचालक', आणि तिच्यासाठी 'पाहुणी'. कलमं एकदम स्पष्ट होती. पाहुणीने सहा महिन्यांच्या आत जागा सोडल्यास एक महिन्याचं शुल्क कापलं जाईल. संचालक मात्र कारण न देता कधीही वास्तव्य संपवू शकतील. पाहुणीला खोली किंवा कॉट बदलून देण्याचा अधिकार संचालकांचा. देखभालीपोटी तीन हजार डिपॉझिटमधून वजा. आणि शेवटी, पाहुणीला या जागेत भाडेकरूचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही.

हे शब्द कुणी सहज म्हणून लिहिलेले नसतात. महाराष्ट्रात दुसऱ्याच्या घरात पैसे देऊन राहणाऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे हे पुष्कळदा कागदावरच्या शब्दांनी ठरवायचा प्रयत्न होतो.

वरच्या पायरीवर भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ त्याच्या पाठीशी आहे. तो भाडं देत असेल आणि अटी पाळत असेल, तर कायद्यात लिहिलेल्या ठरावीक कारणांसाठीच आणि न्यायालयातूनच त्याला काढता येतं. भाडं थकलं तरी आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि ९० दिवस उलटेपर्यंत त्या कारणावर दावा लावता येत नाही. पाणी, वीज तोडून त्याला हैराण करायलाही कायद्याची मनाई आहे.

मधल्या पायरीवर लिव्ह अँड लायसन्सवाला. आज आपण 'भाड्याने फ्लॅट घेतला' म्हणतो तो बहुधा हाच असतो. मुदत संपली की याला जागा सोडावीच लागते, नाही सोडली तर दुप्पट दराने भरपाई बसते. म्हणजे संरक्षण भाडेकरूपेक्षा बरंच कमी. तरीही त्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, ती जबाबदारी मालकाची आहे. मालकाने नोंदणी केली नाही, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

तिसरी पायरी पेइंग गेस्ट आणि हॉस्टेलवाल्यांची. या कायद्याच्या कलम ७ मध्ये लायसन्सवर राहणारा म्हणजे कोण याची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येतून पेइंग गेस्टला नाव घेऊन वगळलं आहे. हॉटेल, लॉज, हॉस्टेल, गेस्ट हाऊस, धर्मशाळा, इस्पितळ अशा ठिकाणी राहणाराही वगळलेला आहे. कारण समजण्यासारखं आहे. दोन रात्री लॉजमध्ये उतरलेल्या प्रवाशाला भाडे कायद्याचं छत्र कशाला? पण त्याच दारातून वर्ष-दोन वर्षं राहणारी, तिथूनच रोज कामावर जाणारी मुलंही बाहेर पडतात.

मात्र त्याच कलमात पेइंग गेस्ट म्हणजे कोण हेही सांगितलं आहे, आणि ते फार कमी लोक वाचतात. लायसन्स देणारा स्वतः ज्या घरात राहतो, त्या घराचा काही भाग ज्याला राहायला दिला आहे, तो पेइंग गेस्ट. एखाद्या आजींनी स्वतःच्या घरातली मागची खोली कॉलेजच्या मुलीला दिली, तर ती मुलगी खरी पेइंग गेस्ट. आजींच्या घरात रोज कोणी वावरायचं हे आजींच्या हातात असावं, यात काही गैर नाही. माझ्या विद्यार्थिनीचा संचालक तर त्या इमारतीतही राहत नव्हता. त्याने दोन फ्लॅट मूळ मालकाकडून लिव्ह अँड लायसन्सवर घेतले होते, प्रत्येक खोलीत दोन-तीन कॉट टाकल्या होत्या आणि बाहेर पीजीची पाटी लावली होती. पाटीवर लिहिलं म्हणून कायद्याच्या व्याख्येतलं पीजी होत नाही. करारनाम्याला नाव काय दिलं यापेक्षा प्रत्यक्षात काय दिलं हे पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात १९५९ सालीच म्हटलं आहे.

मग ती लढली असती तर जिंकली असती का? इतकं सोपं नाही. संचालक म्हणाला असता, पीजी नसेल तर हे हॉस्टेल आहे, आणि हॉस्टेलही वगळलेलंच आहे. तिच्याकडे स्वतंत्र खोली नव्हती, एक कॉट होती, तीही बदलण्याचा अधिकार संचालकाचा. जागेचा ताबा आपला होता हे दाखवणं तिला अवघडच गेलं असतं. शिवाय मूळ मालकाशी तिचा कोणताच कागद नव्हता. मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मागतो, तेव्हा ज्याचं नाव त्या करारात नाही त्याचं म्हणणं तिथे ऐकलंच जात नाही. वरच्या दोघांचा कागद संपला की खाली राहणाऱ्या आठ-दहा मुलींचं वास्तव्य आपोआप लोंबकळतं, आणि त्या कागदाची तारीख त्यांना कुणी सांगितलेली नसते.

इथे मला या सगळ्याचा गाभा दिसला. भाडेकरू घरात राहून भांडतो. पाहुणीला बाहेर पडून भांडावं लागतं. भाडेकरूच्या वादाचा निकाल लागेपर्यंत त्याची चूल त्याच घरात पेटत असते. पाहुणीची बॅग आधी जिन्यात येते, आणि मग वाद सुरू होतो. तिला जे मिळू शकतं ते मुख्यतः पैसे.

पण पैसे मिळू शकतात, आणि तेही त्याच शब्दांच्या आधारे. १८८२ च्या ईझमेंट कायद्यात लायसन्सवर राहणाऱ्यासाठी दोन छोटी पण उपयोगी कलमं आहेत. लायसन्स रद्द झालं तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, हे कलम ६३. पैसे घेऊन लायसन्स दिलं आणि राहणाऱ्याचा दोष नसताना मुदतीआधी बाहेर काढलं तर त्याला भरपाई मागता येते, हे कलम ६४. दुसरा आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. त्यात 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत निवास आणि भोजन यांचा थेट उल्लेख आहे. भाडे कायदा टाळायला संचालकाने सेवाशुल्क लिहिलं, आणि त्याच शब्दाने तो ग्राहक कायद्याच्या दारात येऊन उभा राहिला. (शिक्षणसंस्था स्वतः चालवते त्या हॉस्टेलबाबत मात्र हे इतकं सरळ नाही. तिथे वास्तव्य शिक्षणाचाच भाग आहे असा बचाव येतो.)

संचालकाने तिला हिशेब दिला तो असा : डिपॉझिट अठरा हजार, देखभाल वजा तीन हजार, सहा महिने पूर्ण न केल्याबद्दल वजा नऊ हजार, हाती सहा हजार. आम्ही फोनवर बसून दुसरा हिशेब मांडला. सहा महिन्यांची अट तिने जागा सोडली तर लागू होती. इथे जागा संचालकाने काढून घेतली होती, तेव्हा ते नऊ हजार कापण्याचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबरचे पूर्ण नऊ हजार तिने १ तारखेला भरले होते आणि राहिली चौदा दिवस. उरलेल्या सोळा दिवसांचे चार हजार आठशे परत यायला हवे होते. देखभालीचे तीन हजार तिने स्वतः सही करून मान्य केले होते, ते तिने सोडले. म्हणजे पंधरा हजार अधिक चार हजार आठशे, एकूण एकोणीस हजार आठशे.

हा हिशेब तिने एका पानात, तारखांसह लिहून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. सोबत व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपाचा फोटो आणि यूपीआयने भरलेल्या पैशांच्या नोंदी जोडल्या. उत्तर आलं नाही, तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची होती. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तिथवर जावं लागलं नाही. दोन हप्त्यांत पैसे आले, अडीच महिन्यांनी. तोवर ती एका नातेवाइकांच्या हॉलमध्ये झोपत होती आणि रोज दोन बस बदलून ऑफिसला जात होती. त्या अडीच महिन्यांची किंमत कुठल्याच हिशेबात धरलेली नाही.

ज्यांना भाडेकरू म्हणून कुणी घेत नाही तेच बहुधा पाहुणे होतात, म्हणजे सगळ्यात कच्चा कागद सगळ्यात कच्च्या माणसाच्या हाती पडतो. त्यामुळे 'पीजीत राहू नका' असं मी कुणाला सांगत नाही. बाहेरगावी निघालेली मुलं आता कागदाचे फोटो पाठवतात तेव्हा मी तीन गोष्टी विचारायला सांगतो. सही करणारा माणूस इथे राहतो का? राहत नसेल तर जागा त्याची आहे की त्यानेही कुणाकडून घेतली आहे, आणि त्याची मुदत कोणत्या महिन्यात संपते? आणि जागा सोडण्यासाठी एक महिन्याची सूचना आपण द्यायची असेल, तर तेवढीच सूचना त्यानेही द्यावी, हे वाक्य पेनाने लिहून दोघांच्या सह्या होतील का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच संचालक नाही म्हणतात. एकाने हो म्हटलं. ती मुलगी सध्या तिथेच राहते.